दोन शिखरं दिसली, म्हणजे अदलाबदल झाली का? (प्रकल्प नोंदी)

१२ जानेवारी

विषय ठरला. एक द्विस्तरीय अणू, दोन आरशांमधल्या पोकळीत, म्हणजे कॅव्हिटीत, आणि त्या कॅव्हिटीतल्या प्रकाशाचा एकच मोड. १९६३ सालचं जेन्स-कमिंग्ज मॉडेल. प्रयोग करायला गणेशखिंडला आमच्याकडे ना डायल्यूशन फ्रिज, ना सीझियमचे सापळे. त्यामुळे सगळं काम लॅपटॉपवर, पायथनमध्ये.

वहीच्या पहिल्या पानावर मूळ गोष्ट मांडून ठेवतोय. अणू वरच्या पातळीत आणि कॅव्हिटी रिकामी, ही एक अवस्था: |e,0⟩. अणू खाली आणि कॅव्हिटीत एक फोटॉन, ही दुसरी: |g,1⟩. अणूची आणि कॅव्हिटीची वारंवारता सारखी असेल तर दोघींची ऊर्जा तंतोतंत एक. पण अणूचा द्विध्रुव आणि मोडचं विद्युतक्षेत्र यांच्यात g एवढी जोडणी आहे. त्यामुळे या दोन्ही अवस्था एकट्या टिकत नाहीत. टिकतात त्यांची बेरीज आणि वजाबाकी, आणि त्यांच्या ऊर्जा मधल्या रेषेपासून +g आणि −g अशा सरकतात. वर्णपटात पाहिलं तर 2g अंतरावरच्या दोन रेषा दिसतात. वेळेत पाहिलं तर तेच अंतर ठोक्यासारखं ऐकू येतं: ऊर्जा अणूतून प्रकाशात, प्रकाशातून अणूत, पुन्हा मागे. कॅव्हिटीत आधी एकही फोटॉन नसताना हे घडतं, म्हणून याला व्हॅक्यूम राबी स्प्लिटिंग म्हणतात. n फोटॉन आधीच असतील तर अंतर 2g√(n+1) होतं.

मॅडमनी एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे सगळ्या पुस्तकांत आहे. तुम्ही दोघं मला एवढंच सांगा, प्रयोगात पारगमनाचा आलेख काढला, दोन शिखरं दिसली. अदलाबदल सिद्ध झाली का?"

पार्टनर पटकन "हो" म्हणाली. मॅडम हसल्या. तोच आमचा प्रकल्प झाला.

१५ जानेवारी

जयकर ग्रंथालयात बसून जुने पेपर चाळले. निर्वात क्षेत्रामुळे पडणाऱ्या या विभाजनावर १९८४ मध्ये जी. एस. अगरवाल यांनी लिहिलं, तेव्हा ते हैदराबाद विद्यापीठात होते. रिडबर्ग अणू, म्हणजे इलेक्ट्रॉन फार वरच्या पातळीत नेलेले अणू, कॅव्हिटीत ठेवले तर सूक्ष्मलहरींच्या शोषणात रेषा कशी दुभंगेल, ते त्यांनी काढून दाखवलं होतं. आपल्या इथल्या विद्यापीठातलं काम आहे म्हणून मुद्दाम नोंदवतोय.

नुकसानीचे दोन दर हवेत. κ म्हणजे आरशांतून प्रकाश निसटण्याचा दर, γ म्हणजे अणूने बाजूला, कॅव्हिटीबाहेर, फोटॉन फेकण्याचा दर. इथे सावध राहायला लागतं, कारण सगळे लेखक एकच गोष्ट मोजत नाहीत. २००४ मध्ये एका सापळ्यातल्या सीझियम अणूचा वर्णपट आला, त्यात (g, κ, γ)/2π असे ३३.९, ४.१, २.६ मेगाहर्ट्झ दिलेत. सीझियमच्या ८५२ नॅनोमीटर रेषेची नैसर्गिक रुंदी ५.२ मेगाहर्ट्झ आहे. म्हणजे २.६ ही अर्धी रुंदी झाली, आयामाचा क्षय. त्याच वर्षी अतिवाहक सर्किटवरचं काम आलं, त्यात κ/2π ०.८ मेगाहर्ट्झ, पण तो ऊर्जेचा दर, म्हणजे पूर्ण रुंदी. आम्ही सगळीकडे ऊर्जेचा दर वापरणार असं ठरवून वहीच्या कव्हरवरच लिहिलं. सीझियमचे आकडे वापरायचे तर κ आणि γ दुप्पट करून घ्यायचे.

१९ जानेवारी

क्यूटिप, म्हणजे असल्या पुंज प्रणालींची पायथन लायब्ररी, चालू झालं. प्रोब लेझर कॅव्हिटीला हलकेच ढोसतो, तो E. प्रोबची वारंवारता मधल्या रेषेपासून D ने हलवायची, प्रत्येक ठिकाणी स्थिर अवस्था काढायची आणि आत सरासरी किती फोटॉन आहेत ते मोजायचं. रिकाम्या कॅव्हिटीच्या तुलनेत ते किती, तेच पारगमन T.

```python
from qutip import *
import numpy as np

def T(D, g, k, gam, E, N=6, M=2):
    a = tensor(destroy(N), qeye(M))
    s = tensor(qeye(N), destroy(M))
    H = -D*(a.dag()*a + s.dag()*s) \
        + g*(a.dag()*s + a*s.dag()) + E*(a + a.dag())
    rho = steadystate(H, [np.sqrt(k)*a, np.sqrt(gam)*s])
    return expect(a.dag()*a, rho) * k**2 / (4*E**2)
```

M=2 म्हणजे द्विस्तरीय अणू. M वेगळा ठेवलाय त्याला कारण आहे, ते पुढे.

पहिली धाव अतिवाहक सर्किटच्या आकड्यांवर: विभाजन 2g ११.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे g ५.८, κ ०.८, γ ०.७. (त्यांचा "अणू" म्हणजे चिपवरचं सर्किट, खरा अणू नव्हे. मॉडेलला फरक पडत नाही.) आलेख अगदी पुस्तकी आला. दोन अरुंद शिखरं, ११.६ च्या अंतरावर, प्रत्येकाची रुंदी साधारण (κ+γ)/2, म्हणजे ०.७५. मधे चक्क शून्य वाटावं एवढी खोल दरी. उंची मात्र १ नाही, ०.२८ च्या आसपास. पार्टनरला ते खटकलं. पण बरोबर आहे: प्रत्येक शिखर अर्धं अणू, अर्धं प्रकाश. अणूच्या वाट्याची ऊर्जा बाजूला गळते, त्यामुळे उंची (κ/(κ+γ))² एवढीच राहते.

२२ जानेवारी

वेळेतला आलेख. |e,0⟩ पासून सुरुवात, प्रोब बंद. अणूची उत्तेजना खाली येते, साधारण ४३ नॅनोसेकंदांनी जवळपास शून्य होते, आणि तेवढ्यात कॅव्हिटीत ०.८ हून थोडा जास्त फोटॉन असतो. मग परत अणूत. पूर्ण फेरी ८६ नॅनोसेकंदांची. सगळ्यावर क्षयाचं आवरण आहे, २१२ नॅनोसेकंदांत १/e वर येणारं. म्हणजे दोन-अडीच फेऱ्या डोळ्यांना नीट मोजता येतात, पुढे सगळं विझतं. मला हा आलेख वर्णपटापेक्षा जास्त आवडला. अदलाबदल म्हणतात ती ही, समोर.

२७ जानेवारी

आता मॅडमच्या प्रश्नाकडे. मुद्दाम वाईट कॅव्हिटी घेतली: g १, κ १०, γ ०.२. (एकक काहीही धरा, गुणोत्तरं महत्त्वाची.) आरसे इतके गळके की फोटॉन अणूकडे परतण्याआधीच बाहेर पडतो.

पारगमनाचा आलेख काढला. दोन कुबडं! १.१९ आणि −१.१९ ला, उंची ०.९७. मधे ०.११ पर्यंत उतरणारी दरी. एखाद्या सादरीकरणात हा आलेख टाकला तर "व्हॅक्यूम राबी स्प्लिटिंग" असं शीर्षक देऊन खपून जाईल.

आता हेच आकडे ठेवून वेळेतला आलेख: अणूची उत्तेजना सरळ घसरते. एकदाही वर येत नाही. कॅव्हिटीत थोडासा फोटॉन जमतो आणि तोही त्याच चालीने ओसरतो. परतफेड नाहीच.

पार्टनर म्हणाली, "अरे, मग ती दोन शिखरं कशाची?"

२८ जानेवारी

कालचं कागदावर सोडवलं. प्रोब मंद असताना कॅव्हिटीचा आयाम आणि अणूचा आयाम अशी दोन साधी रेषीय समीकरणं उरतात. त्यांच्या स्वाभाविक वारंवारता अशा येतात:

```
λ± = −i(κ+γ)/4 ± sqrt( g² − ((κ−γ)/4)² )
```

वर्गमुळातली राशी धन असेल तरच दोन वेगळ्या वारंवारता, तरच दोलन. आमच्या वाईट कॅव्हिटीत (κ−γ)/4 म्हणजे २.४५, आणि g फक्त १. राशी ऋण. म्हणजे दोन्ही "अवस्था" एकाच वारंवारतेवर, फक्त क्षयाचे दर वेगळे: एक पटकन मरणारी, प्रकाशासारखी, आणि एक रेंगाळणारी, अणूसारखी. रेंगाळणारीचा ऊर्जेचा दर ०.६३ निघतो. अणू एकटा असता तर तो ०.२ असता. गळकी कॅव्हिटी अणूला तिप्पट वेगाने रिकामा करते. हा पर्सेल परिणाम. अंदाजी सूत्र γ + 4g²/κ ने ०.६ येतं, जवळपास तेच.

तर मग दरी कशी पडते? रुंद कॅव्हिटीच्या एकाच टेकडीत अणू अरुंद खाच पाडतो. प्रोब बरोबर मध्यावर असला की अणू दोलायमान होतो आणि विरुद्ध कलेचा प्रकाश परत कॅव्हिटीत टाकतो. दोन्ही एकमेकांना मारतात. प्रोब थोडा बाजूला गेला की अणू साथ सोडतो आणि टेकडी पुन्हा दिसते. हा व्यतिकरणाचा परिणाम आहे. खाचेच्या दोन्ही कडांना आपण शिखरं समजतो. मध्यावरची खोली अशी:

```
T(0) = 1 / (1 + 4g²/(κγ))²
```

४/२ म्हणजे २, म्हणून १/९, म्हणजे ०.११. कालच्या आलेखाशी जुळलं.

शिखरांची जागाही काढली. पानभर बीजगणितानंतर बरंच काही कापलं जाऊन हे उरलं:

```
Δ² = g·sqrt( g² + γ(κ+γ)/2 ) − γ²/4
```

g खूप मोठा असेल तर Δ म्हणजे g, सगळं पुस्तकाप्रमाणे. पण g लहान असताना शिखरांचं अंतर 2g नसतं. आमच्या उदाहरणात अंतर २.३८, आणि 2g आहे २. कोणी अंतर मोजून अर्धं करून "हा आमचा g" म्हणालं, तर सुमारे वीस टक्के जास्त आकडा सांगेल, आणि अदलाबदल तर मुळात नाहीच.

३ फेब्रुवारी

दुपारी लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच संपलेली. कॅन्टीनमध्ये बसून प्रोब किती मंद हवा याचा हिशेब केला, कारण E ०.१ ठेवल्यावर मध्यावरचं T ०.११ ऐवजी ०.१२ ला टेकत होतं. E ०.०२ केला की ०.१११ येतं. म्हणजे गडबड आकडेमोडीची नाही, अणू खरोखर थोडा भरतोय.

भरण्याची पातळी कळायला γ²/(8g²) एवढे फोटॉन पुरतात. आमच्या आकड्यांत ते ०.००५. कॅव्हिटीत सरासरी एका फोटॉनचा दोनशेवा भाग असला तरी अणू दमायला लागतो. एक अणू एका वेळी एकच फोटॉन घेऊ शकतो, त्याच्याकडे दुसरी जागाच नाही.

५ फेब्रुवारी

आज M चं काम. अणू काढून त्याच्या जागी साधा दोलक ठेवला: M=12. दोलकाला वरच्या पातळ्यांची पूर्ण शिडी असते, तो कधी भरत नाही.

मंद प्रोबला दोघांचे आलेख एकावर एक बसले. चांगल्या कॅव्हिटीतही आणि वाईटातही. एका ताणलेल्या दोरीला दोन सारखे लंबक टांगले तर एकाची हालचाल दुसऱ्याकडे जाते आणि परत येते, बारावीच्या प्रयोगशाळेत दिसतं ते. पुंजयांत्रिकी कुठेही नाही, तरी दोन वारंवारता आहेत, अदलाबदल आहे. अनेक अणूंच्या बाबतीत दुभंगलेली रेषा प्रकाशाच्या रेषीय अपस्करणाने समजावता येते, हे १९९० मध्येच दाखवून झालंय.

मग प्रोब वाढवला, E १. वाईट कॅव्हिटी, मध्यबिंदू. दोलक: T तसाच, ०.११. अणू: T थेट ०.५ च्या पुढे. खाच निम्मी बुजली. रेषीय दोलकाला दहापट जोरात ढोसलं तरी तो दहापट जोरात उत्तर देतो आणि गुणोत्तर तेच राहतं. अणू देत नाही.

म्हणजे मॅडमच्या एका प्रश्नाचे खरं तर दोन प्रश्न आहेत. ऊर्जा परत येते का? हे κ, γ, g च्या तुलनेवर ठरतं, आणि दोलकांतही घडू शकतं. समोरचा खरोखर द्विस्तरीय आहे आणि प्रकाश फोटॉनांनी मोजला जातोय का? हे रेषीयता मोडल्याशिवाय कळत नाही. दोन शिखरांचा एक मंद आलेख यांपैकी एकाचंही पूर्ण उत्तर देत नाही.

११ फेब्रुवारी

मॅडमना दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, "मग पॅरिसवाल्यांनी काय केलं होतं?"

ते वाचलं. १९९६ मध्ये सर्ज हारोश यांच्या गटाने रुबिडियमचे रिडबर्ग अणू, मुख्य पुंजांक ५० आणि ५१, एकेक करून अतिवाहक कॅव्हिटीतून सोडले. संक्रमण ५१.१ गिगाहर्ट्झचं. त्यांनी वर्णपट पाहिलाच नाही, थेट वेळेत मोजलं. रिकाम्या कॅव्हिटीत अणू ४७ किलोहर्ट्झने वरखाली होतो, एक फेरी सुमारे २१ मायक्रोसेकंदांची. मग कॅव्हिटीत अगदी थोडा प्रकाश भरून तेच परत. आता दोलनांत वारंवारतांची सरमिसळ आली, आणि ती वेगळी केल्यावर १, √२, √३ अशा गुणोत्तरांत रेषा मिळाल्या. शून्य फोटॉनची, एकाची, दोनाची. दोन लंबकांत हे शक्य नाही. तिथे किती जोरात ढकललं यावर वारंवारता बदलत नाही.

आम्ही |e,0⟩, |e,1⟩, |e,2⟩ पासून सुरुवात करून तीन आलेख काढले, नुकसान बंद ठेवून. पहिलं पूर्ण हस्तांतरण π/(2g) ला, दुसऱ्याचं त्याच्या १/√२ वेळात, तिसऱ्याचं १/√३. अहवालात हे एका चित्रात जाईल, जास्त लिहायचं नाही.

१७ फेब्रुवारी

ज्युनिअरने विचारलं, की व्हॅक्यूम म्हणजे हवा काढलेली पोकळी ना? प्रश्न भोळा नाही. इथे व्हॅक्यूम म्हणजे मोडमध्ये फोटॉन नाहीत, आणि तसं व्हायला हवा काढून भागत नाही, तापमान उतरवावं लागतं. ६ गिगाहर्ट्झच्या मोडमध्ये पुण्यातल्या खोलीच्या तापमानाला उष्णतेचेच हजारेक फोटॉन असतात. प्रत्येक n चं विभाजन √(n+1) ने वेगळं, तेव्हा सगळं एकमेकांत मिसळून जाईल. १०० मिलिकेल्विनला सरासरी ०.०६ फोटॉन उरतो, तेव्हा कुठे मोड रिकामा म्हणता येतो. ८५२ नॅनोमीटरच्या प्रकाशाला मात्र ही अडचण नाही. त्या वारंवारतेला खोलीची उष्णता कुठेच पुरत नाही, मोड आपोआप रिकामा. म्हणून सीझियमवाल्यांना आरसे गार करावे लागत नाहीत, त्यांची लढाई अणू जागेवर धरून ठेवण्याची. तो मोडच्या लाटेत थोडा सरकला की g बदलतो आणि शिखरं पसरतात.

२६ फेब्रुवारी

κ १०, γ ०.२ कायम ठेवून g हळूहळू वाढवत नेला. λ± च्या वारंवारतांचा आलेख देखणा: २.४५ पर्यंत एकच वारंवारता, तिथे फाटा फुटतो, मग दोन फांद्या. त्याच्या बाजूला पारगमनाच्या शिखरांची जागा काढली, आणि तिथे २.४५ ला काहीही घडत नाही. ना वळण, ना उडी. शिखरं तर त्याच्या फार आधीपासून आहेत. g ०.१ असतानाच मध्यावर चार टक्क्यांची खाच पडते.

पार्टनरचं म्हणणं, हे चित्र अहवालात पहिल्या पानावर जायला हवं. मला पटलं. उंबरठा ओलांडला की नाही हे आलेखाच्या आकारावरून दिसतच नाही.

५ मार्च

उन्हं तापली, पंखा लॅपटॉपपेक्षा जास्त आवाज करतोय. अहवालाचा शेवटचा भाग: प्रयोगाचा आलेख हातात आला तर काय करायचं.

अणूची वारंवारता दूर सारून कॅव्हिटी एकटी मोजायची; त्या टेकडीची रुंदी म्हणजे κ. γ अणूकडून स्वतंत्रपणे घ्यायचा. दोन्ही पक्के झाल्यावरच मधल्या आलेखावर पूर्ण सूत्र बसवून g काढायचा, शिखरांचं अंतर मोजून नाही. मग g ची तुलना (κ+γ)/4 शी. आमच्या वाईट कॅव्हिटीला तो आकडा २.५५ आहे. वर असेल तर शिखरांचं अंतर त्यांच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त, आणि ऊर्जा परत येते, जरी या आकड्याच्या अगदी जवळ ती दिसण्याइतकी उरत नसली तरी. सीझियमच्या आकड्यांना हा हिशेब लावला: ३३.९ विरुद्ध (८.२+५.२)/४, म्हणजे ३.३५. दहापट वर. तिथे शंकेला जागा नाही.

शेवटी प्रोबची ताकद वाढवून दरी बुजते का ते पाहायचं. बुजली तर आत भरणारं काहीतरी आहे.

मॅडमनी मसुद्यावर एकच शेरा मारला: डिफेजिंगचं काय? अणूची कला ऊर्जा न गमावता विस्कटली तर γ एकटा पुरत नाही. क्यूटिपमध्ये `np.sqrt(gphi/2)*sz` असा आणखी एक ऑपरेटर लागेल, आणि शिखरांच्या जागेचं आमचं सूत्र जसंच्या तसं चालणार नाही. सोमवारपासून ते.